स्टार्ट, कमेन्स, इनिशिएट, लाँच: प्लॅनमधली कुठली तारीख कुठल्या शब्दाची

प्रश्न: आमच्या कंपनीत प्रोजेक्ट प्लॅन इंग्रजीत द्यावा लागतो. माझ्या प्लॅनमध्ये जिथेतिथे स्टार्टच येतं. साहेब म्हणाले, जरा प्रोफेशनल शब्द वापर, कमेन्स, इनिशिएट, लाँच असं काहीतरी. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि कुठला किती औपचारिक वाटतो?

उत्तर:

निबंधात चालतील, प्लॅनमध्ये फारसे चालत नाहीत. नुसता औपचारिकपणा बघायचा तर क्रम सोपा आहे. किक-ऑफ सगळ्यात मोकळा. मग स्टार्ट, त्याच्या जरा वर बिगिन, त्याहून वर कार्यालयीन थाटाचा इनिशिएट आणि सगळ्यात वर कमेन्स. लाँच या क्रमात बसतच नाही, कारण त्यात औपचारिकतेपेक्षा गाजावाजा जास्त आहे. पण हा क्रम पाठ करून स्टार्टच्या जागी एकेक शब्द पेरत गेलात, तर प्लॅन बिघडेल. प्लॅनमध्ये यातला प्रत्येक शब्द वेगळ्या तारखेकडे बोट दाखवतो, आणि त्या तारखेचं उत्तर द्यायला वेगळा माणूस बांधलेला असतो.

मी बावीस वर्षं प्लॅनिंगमध्ये आहे, बहुतेक काम पाणीपुरवठा, सांडपाणी आणि कारखान्यांच्या बांधकामांचं. नवीन मुलं टीममध्ये आली की त्यांना हे शब्द मी आधी मराठीतून दाखवते, कारण मराठीत आपला कान चुकत नाही. ‘खोदाई सुरू झाली’ म्हटलं की जेसीबी डोळ्यांसमोर येतो. ‘कार्यारंभ आदेश मिळाला’ म्हटलं की सहीशिक्क्याचं पत्र दिसतं आणि मुदत मोजायला लागली हे कळतं. ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हटलं की फाइल कुठल्यातरी टेबलावर आहे एवढंच समजतं. आणि ‘शुभारंभ झाला’ म्हटलं की फीत, नारळ आणि पाहुणे आले. स्टार्ट, कमेन्स, इनिशिएट आणि लाँच यांचा वास साधारण याच क्रमाने तसाच आहे. ‘खोदाईचा शुभारंभ’ आपण उगाच लिहीत नाही. मग इंग्रजीत तरी का लिहावं?

हा फरक मला एका बिलातून कळला. २०१४ मधली गोष्ट. एका कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं स्थापत्य काम आमच्याकडे होतं, सुमारे ६ कोटींचं. कराराच्या पत्रात कमेन्समेंट डेट होती ३ नोव्हेंबर, मुदत २४० दिवस, म्हणजे काम १ जुलै २०१५ पर्यंत पूर्ण करायचं. जागेवर जुन्या पाइपलाइन होत्या, त्या हलवून जागा मोकळी व्हायला तीन आठवडे जाणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. म्हणून खोदाई मी २४ नोव्हेंबरला धरली. प्लॅनच्या पहिल्या पानावर महत्त्वाच्या टप्प्यांच्या तारखांचा तक्ता होता. तिथे ‘स्टार्ट ऑफ एक्स्कव्हेशन’ हे मला फार साधं वाटलं. ग्राहकाच्या मोठ्या अधिकाऱ्यांकडे जाणारं पान, म्हणून मी लिहिलं ‘कमेन्समेंट ऑफ वर्क, २४ नोव्हेंबर’.

प्लॅन मंजूर झाला. पुढे आठ महिने आमच्या साइटवर सगळे तीच तारीख धरून चालले: २४ नोव्हेंबरपासून २४० दिवस, म्हणजे २२ जुलै. तक्त्यातच कमेन्समेंट लिहिलंय म्हटल्यावर कराराचं पत्र पुन्हा काढून बघावं असं कुणाला वाटलं नाही. काम २२ जुलैला संपलं आणि अंतिम बिलातून तीन आठवड्यांच्या उशिराचा दंड कापून आला. दर आठवड्याला कराराच्या रकमेचा अर्धा टक्का, म्हणजे ३ लाख. तीन आठवड्यांचे ९ लाख. आम्ही म्हणालो, तुम्हीच मंजूर केलेल्या प्लॅनमध्ये कमेन्समेंट २४ नोव्हेंबर आहे. ते म्हणाले, प्लॅन मंजूर केला म्हणजे करार बदलला असं होत नाही. कराराच्या भाषेत त्यांचं बरोबर होतं. जागा उशिरा मिळाली म्हणून मुदतवाढ मागता आली असती, पण ती वेळेत लेखी मागायला हवी होती. आणि ती मागितली गेली नाही, कारण माझ्या तक्त्यामुळे उशीर झालाय असं कुणाला दिसतच नव्हतं. त्या तक्त्यात कमेन्समेंटसमोर ३ नोव्हेंबर आणि स्टार्टसमोर २४ नोव्हेंबर अशा दोन ओळी असत्या, तर मधली एकवीस दिवसांची फट पहिल्याच आठवड्यात बोचली असती.

म्हणून कमेन्स हा शब्द मी कराराच्या घड्याळासाठी राखून ठेवते. बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय करारांत जो फिडिकचा नमुना वापरतात, त्याच्या १९९९ च्या आवृत्तीत कलम ८.१ हेच सांगतं. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर स्वीकृतीपत्र कंत्राटदाराच्या हाती पडल्यापासून ४२ दिवसांच्या आत कमेन्समेंट डेट यायला हवी आणि इंजिनिअरने तिची निदान ७ दिवस आधी सूचना द्यायला हवी. २०१७ च्या आवृत्तीत हे ७ दिवस १४ झाले. त्याच कलमात पुढे म्हटलंय की कंत्राटदाराने त्या तारखेनंतर शक्य तितक्या लवकर प्रत्यक्ष कामाला लागावं. म्हणजे घड्याळ चालू होणं आणि फावडं जमिनीला लागणं या दोन गोष्टी करार लिहिणाऱ्यांनीच वेगळ्या धरल्या आहेत. आपण एकच शब्द दोन्हीकडे वापरला की ती फट झाकली जाते.

महाराष्ट्रात बांधकामाचा प्लॅन असेल तर आणखी एक गुंता आहे. इथे कमेन्समेंट म्हटलं की माणसाच्या डोक्यात आधी सीसी येतं, म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, मराठीत प्रारंभ प्रमाणपत्र. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालची ही परवानगी. मुंबईत ती बऱ्याचदा आधी जोत्यापर्यंत मिळते आणि मग पुढच्या मजल्यांसाठी वाढवून घ्यावी लागते. प्लॅनमध्ये नुसतं ‘कमेन्समेंट’ लिहिलं तर बिल्डरचा माणूस तिथे सीसीची तारीख वाचेल, वकील कराराची वाचेल आणि साइट इंजिनिअर खोदाईची. इथे पूर्ण नाव लिहिण्याला पर्याय नाही: ‘सीसी अप टू प्लिंथ’, ‘कॉन्ट्रॅक्ट कमेन्समेंट डेट’, ‘स्टार्ट ऑफ एक्स्कव्हेशन’.

हे सोडून साध्या वाक्यात कमेन्स वापरला तर कसा वाटतो? ताठ. ‘टीम विल कमेन्स टेस्टिंग ऑन मंडे’ हे वाक्य चूक नाही, पण इस्त्रीचा कोट घालून चहाच्या टपरीवर उभं राहिल्यासारखं आहे. अमेरिकी सरकारच्या सोप्या भाषेच्या मार्गदर्शनात कमेन्सऐवजी बिगिन किंवा स्टार्ट लिहा असं सरळ सांगितलंय. शिवाय अमेरिकेत नुसतं कमेन्समेंट म्हटलं तर लोकांना पदवीदान समारंभ आठवतो. ग्राहक जर्मन किंवा डच असेल तर स्टार्ट आणखीच बरा, तो शब्द त्यांच्या भाषेतही तसाच आहे.

कमेन्सबरोबर आपल्याकडे दोन चुका ठरलेल्या आहेत. ‘डेट ऑफ कमेन्स’ असं नसतं. नाम कमेन्समेंट आहे. आणि ‘वर्क विल कमेन्स फ्रॉम फर्स्ट जून’ हे ‘एक जूनपासून काम सुरू होईल’ या मराठी वाक्यातून येतं. आपल्याला ‘पासून’ हवं असतं, म्हणून हात आपोआप फ्रॉमकडे जातो. इंग्रजीत सुरुवात एका दिवशी होते, म्हणून तिथे ऑन लागतं. स्टार्टलाही हेच लागू आहे. वाचणारा परदेशी असेल तर शब्द कितीही भारदस्त निवडा, या फ्रॉमने तो लगेच अडखळतो.

आता इनिशिएट. माझ्या मते प्लॅनमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा याच शब्दाने होतो, आणि सगळ्यात जास्त आवडतोही हाच. त्याला एक खरी, नेमकी जागा आहे: प्रकल्प करायचा असा निर्णय होऊन त्याला कागदावर अस्तित्व मिळणं. पीएमबॉक या प्रकल्प व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत इनिशिएटिंग या गटात दोनच प्रक्रिया आहेत, प्रोजेक्ट चार्टर म्हणजे प्रकल्पाच्या मंजुरीचा कागद तयार करणं आणि ज्यांचा संबंध येतो ती माणसं ओळखणं. खोदाई नाही, कोडिंग नाही, खरेदी नाही. प्रिन्स-टू या ब्रिटिश पद्धतीत तर आधी ‘स्टार्टिंग अप अ प्रोजेक्ट’ असतं आणि मंडळाने हिरवा कंदील दिल्यावर ‘इनिशिएटिंग अ प्रोजेक्ट’ येतं. म्हणजे तिथे स्टार्ट आधी आणि इनिशिएट नंतर. तुमचा ग्राहक प्रिन्स-टू वापरणारा असेल आणि तुम्ही शोभेसाठी स्टार्टचं इनिशिएट केलंत, तर तुम्ही नकळत एक अख्खा टप्पा ओलांडलात.

त्या जागेबाहेर इनिशिएट म्हणजे आपलं ‘कार्यवाही सुरू आहे’. ‘प्रोक्युअरमेंट इनिशिएटेड’ ही ओळ साप्ताहिक अहवालात तीन आठवडे जशीच्या तशी राहू शकते आणि ती एकदाही खोटी नसते. खरेदी विभागाला मेल गेली तरी इनिशिएटेड, कोटेशन मागवली तरी इनिशिएटेड, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर निघाली तरी इनिशिएटेड. म्हणून अशी ओळ आली की मी लिहिणाऱ्याला एकच विचारते: त्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्या टेबलाशी आले तर कुठला कागद दाखवशील? इंडेंट म्हणजे मागणीपत्र असेल तर ‘इंडेंट रेज्ड’ लिही. पीओ असेल तर ‘पीओ रिलीज्ड’ लिही. शब्द साधा होतो, पण आता त्यावर टिक करता येते.

व्याकरणातही इनिशिएट अडतो. त्याला कर्म लागतं, कुणीतरी काहीतरी इनिशिएट करतं. ‘द प्रोजेक्ट विल इनिशिएट ऑन फिफ्थ मे’ हे वाक्य मी दर महिन्याला खोडते. तिथे स्टार्ट किंवा कमेन्स आपला आपण चालतो, इनिशिएट चालत नाही.

लाँचला प्रेक्षक लागतो. मूळ अर्थ भाल्यासारखं फेकणं, मग जहाज पाण्यात सोडणं. जहाज पाण्यात उतरतं ते बांधून झाल्यावर. म्हणून लाँच हा बहुतेक वेळा प्रकल्पाच्या शेवटाकडचा शब्द आहे: ॲप लाँच, उत्पादन लाँच, मोहीम लाँच. प्रकल्पाच्या पहिल्या दिवसाला ‘प्रोजेक्ट लाँच’ म्हटलं तर विक्री विभागाला वाटतं माल तयार झाला. मी स्वतः अशी बैठक पाहिली आहे जिथे एक जण मार्चच्या लाँचबद्दल बोलत होता आणि दुसरा नोव्हेंबरच्या, दोघांच्या हातात तोच प्लॅन होता. औपचारिकता म्हणाल तर लाँच मध्यम आहे, पण त्यात उत्साह आहे. करारात तो विचित्र दिसतो, प्रसिद्धिपत्रकात शोभतो. कंपनीच्या आतल्या वापराची प्रणाली असेल, उदाहरणार्थ गोदामाचं सॉफ्टवेअर, तर लाँचपेक्षा गो-लाइव्ह नेमकं, कारण तिथे टाळ्या नसतात, जुनी प्रणाली बंद होऊन नवी चालू होण्याचा क्षण असतो. आणि पुलाच्या प्लॅनमध्ये लाँच सांभाळून. तिथे लाँचिंग म्हणजे गर्डर पुढे सरकवून खांबांवर बसवणं. रेल्वेमार्गावर असं काम असलं की त्यासाठी ब्लॉक घ्यावा लागतो. ‘लाँच ऑफ ब्रिज वर्क’ असं कुणी हौसेने लिहिलं, तर वाचणारा पहिल्या महिन्यातच क्रेन आणि ब्लॉकची तारीख शोधायला लागेल.

राहिला स्टार्ट. साहेबांना तो साधा वाटतो, पण शेड्यूलची ती अधिकृत भाषा आहे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट उघडा, रकान्यांची नावं Start, Actual Start, Baseline Start अशीच दिसतील. बंधन घालायचं तर Start No Earlier Than निवडावं लागतं, आणि दोन कामांचा सर्वसाधारण दुवा Finish-to-Start असतो. प्रिमाव्हेरा या शेड्यूलच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही Start Milestone आहे. कमेन्स नावाचा रकाना यांपैकी कशातही नाही. तेव्हा कामांच्या यादीत स्टार्ट पन्नास वेळा आला तरी ती पुनरुक्ती नाही; तारखेचा रकाना प्रत्येक ओळीत तारीखच दाखवतो, तसंच ते आहे. उलट खरी सुधारणा म्हणजे कामाच्या नावातून स्टार्ट काढूनच टाकणं. ‘स्टार्ट एक्स्कव्हेशन’ असं नाव असलेलं काम पाच दिवसांचं कसं असेल? नाव नुसतं ‘एक्स्कव्हेशन’ ठेवा, सुरुवात कधी ते शेजारचा रकाना सांगतो. तुमच्या प्लॅनमधले निम्मे स्टार्ट इथेच गळतील.

यंत्राच्या बाबतीत स्टार्टला पर्याय नाही. पंप स्टार्ट होतो, कमेन्स होत नाही. पण पंप एकदा फिरवून बघणं आणि तपासण्या करून तो वापराला सज्ज ठरवणं यात फरक आहे. त्या दुसऱ्याला कमिशनिंग म्हणतात. कमेन्सिंग आणि कमिशनिंग कानाला जवळ वाटतात, म्हणून घाईत एकाच्या जागी दुसरं पडतं. प्लॅनमध्ये ही चूक झाली तर प्रकल्पाचं एक टोक दुसऱ्या टोकाला जाऊन बसतं. बिगिनबद्दल एवढंच की तो स्टार्टपेक्षा किंचित लेखी वाटतो आणि कुठेही अडत नाही, फक्त त्याची रूपं सांभाळा: हॅजनंतर बिगन, बिगॅन नाही.

आता एक छोटा प्लॅन घेऊन बघू. समजा चाकणच्या एका कारखान्यात सांडपाण्याचं केंद्र उभं राहतंय आणि त्याच्या मोजमापांसाठी एक सॉफ्टवेअरही बसवायचं आहे. शब्द बदलायच्या नादात लिहिलेला तक्ता असा असतो: पाच एप्रिलला प्रोजेक्ट लाँच, वीस एप्रिलला प्रोक्युअरमेंट इनिशिएशन, दोन मेला वर्क इनिशिएशन, वीस मेला कमेन्समेंट ऑफ सिव्हिल वर्क, दहा नोव्हेंबरला कमेन्समेंट ऑफ पम्प्स, एक डिसेंबरला सॉफ्टवेअर कमेन्समेंट. वाचायला भारदस्त. पण कंत्राटदाराची मुदत दोन मेपासून मोजायची की वीस मेपासून, हे यातून सांगता येत नाही.

मी तो असा लिहीन. पाच एप्रिलला व्यवस्थापनाने मंजुरीवर सही केली, तर ‘प्रोजेक्ट चार्टर अप्रूव्ह्ड’. त्याच आठवड्यात सगळ्यांना एकत्र बसवायचं असेल तर ‘किक-ऑफ मीटिंग’; हा शब्द फुटबॉलमधून आला असला तरी बैठकीचं नाव म्हणून तो आता कुठेही चालतो, फक्त क्रियापद म्हणून करारात नको. वीस एप्रिलला ‘पंप पीओ रिलीज्ड’. दोन मेला ‘कॉन्ट्रॅक्ट कमेन्समेंट डेट’, आणि शेजारी कार्यादेशाचा क्रमांक, म्हणजे कुणी शंका काढली तर कागद हाताशी. वीस मेला ‘एक्स्कव्हेशन स्टार्ट’. दहा नोव्हेंबरला ‘पंप ट्रायल रन’, त्यानंतर तपासण्यांना लागतील तेवढे दिवस देऊन ‘कमिशनिंग कम्प्लीट’. एक डिसेंबरला ‘सॉफ्टवेअर गो-लाइव्ह’. या तक्त्यात कमेन्स एकदाच आला, इनिशिएट आणि लाँच एकदाही नाहीत, आणि दोन मे ते वीस मे हे अठरा दिवस कुणाच्या खात्यावर, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारता येईल.

साहेबांना हे दाखवताना ‘स्टार्टच बरोबर’ असा वाद घालू नका. त्यांची अपेक्षा रास्त आहे, वरच्या लोकांकडे जाणारं लिखाण घरगुती वाटू नये एवढंच त्यांना हवं असतं. ती अपेक्षा तक्त्याऐवजी सोबतच्या पत्रात पूर्ण करा. तिथे ‘वर्क्स कमेन्स्ड ऑन सेकंड मे इन अकॉर्डन्स विथ द वर्क ऑर्डर’ असं एक वाक्य लिहिलंत तर कमेन्सचा ताठपणा तिथे शोभून दिसतो, कारण ती तारीख खरोखरच कराराची आहे. आणि त्याच्या पुढचं वाक्य साधं ठेवा: ‘एक्स्कव्हेशन स्टार्टेड ऑन ट्वेंटिएथ मे, आफ्टर द साइट वॉज हँडेड ओव्हर.’ शेवटचे शब्द विसरू नका. अठरा दिवसांची मुदतवाढ मागायची वेळ आली तर त्या पत्राचा पहिला आधार मिळेल, पण मागणीचं पत्र मात्र करारात दिलेल्या मुदतीत वेगळं द्यावंच लागेल.